नव्वद दिवसांचा कागद

सोमवार, 17 एप्रिल 2023. संध्याकाळी साडेसातला श्रीनिवासचा फोन आला. "सर, राजीनामा टाकायलोय. उद्या सकाळी देतो आणि मोकळा होतो." (नाव बदललं आहे, बाकी ओळख पटेल असे तपशीलही. लिहायला त्याची परवानगी आहे.) मी त्याला एवढंच म्हणालो, की राजीनामा उद्याही देता येतो आणि परवाही, आधी कंपनीने दिलेला तो कागद घेऊन सात रस्त्याला ये.

श्रीनिवास सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात मर्चंडायझर होता. परदेशी खरेदीदाराची ऑर्डर आली की रंगाच्या शेडची मंजुरी, सॅम्पल, सूत, डाईंग, विणाई, शिलाई, लेबल, कार्टन आणि शेवटी न्हावा शेवाला जाणारा कंटेनर, ही सगळी साखळी वेळेत हलते की नाही हे बघणारा माणूस म्हणजे मर्चंडायझर. त्याच्या हाताखाली कोणी नसतं, पण उशीर झाला की पहिलं बोट त्याच्याकडे जातं. कागद होता पीआयपीचा, म्हणजे परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅनचा, ठरलेल्या मुदतीत काम सुधारा असं सांगणारा. मुदत 17 एप्रिल ते 15 जुलै.

मी बावीस वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली आणि असे कागद स्वतः तयार केले. त्यातले काही खरोखर माणूस सुधारावा म्हणून होते. काही मात्र माणूस जावा, पण गेल्यावर फाईल स्वच्छ दिसावी म्हणून होते. दोन्हींची भाषा अगदी सारखी असते, म्हणून भाषा वाचून काही कळत नाही. उद्दिष्टांमधले आकडे वाचले तर मात्र बरंच कळतं.

कागदात काय होतं

तीन उद्दिष्टं होती. पहिलं, वेळेत शिपमेंटचं प्रमाण 95 टक्के. दुसरं, सॅम्पल सात दिवसांत पाठवणं. तिसरं, 'ओनरशिप आणि कम्युनिकेशनमध्ये लक्षणीय सुधारणा'. कंपनी मदत काय करणार, तर 'आवश्यकतेनुसार'. आढावा कधी, तर 'वेळोवेळी'. सगळ्यात खाली नेहमीचं वाक्य होतं: समाधानकारक सुधारणा न झाल्यास सेवासमाप्तीसह योग्य ती कारवाई.

त्याने सही केली नव्हती. एचआरची मुलगी "सही करा, फॉर्मॅलिटी आहे" म्हणाली, हा "करत नाही" म्हणाला आणि उठून आला. आपल्याकडे सहीची भीती फार. सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असं लोकांना वाटतं. सही नाकारून हाती काही लागत नाही. 'कर्मचाऱ्याने सही करण्यास नकार दिला' असा शेरा मारून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन तो कागद तसाच फाईलला लागतो, आणि त्या शेऱ्यात तुम्ही अडेलतट्टू दिसता. मी त्याला सांगितलं, उद्या जा, सही कर, आणि सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिही: 'प्रत मिळाली. माझे म्हणणे तीन दिवसांत लेखी देतो.' खाली तारीख. एवढ्याने सहीचा अर्थ 'मिळालं' इतकाच राहतो, 'मान्य आहे' असा होत नाही.

त्याच रात्री तो आणखी एक गोष्ट करायला निघाला होता, ती बरी थांबवली. खरेदीदारांचे सगळे ईमेल स्वतःच्या जीमेलवर पाठवायचे, पुरावा म्हणून. कंपनीची व्यावसायिक माहिती बाहेर पाठवणं हे गैरवर्तन ठरू शकतं. कामगिरी कमी पडली या कारणावरून माणसाला काढताना कंपनीला मुदत, संधी, कागद असं सगळं दाखवावं लागतं. गैरवर्तन सापडलं की चौकशी लावून तिचं काम सोपं होतं. म्हणजे स्वतःच्या बचावासाठी उचललेलं पाऊल त्यांच्याच हातात काठी देणारं. पीआयपीची प्रत, आपण दिलेलं उत्तर, आपल्या नेमणूकपत्राची प्रत, पगारपत्रकं, एवढं आपलं असतं आणि तेवढंच घरी ठेवावं. बाकी रोज काय घडलं ते तारीख टाकून साध्या वहीत लिहावं. त्याने शंभर पानी वही आणली. तिच्या पहिल्या पानावर त्याच्या मुलीने काढलेला हत्ती होता, आणि पुढच्या नव्वद दिवसांचा हिशेब त्या हत्तीच्या मागे चालला.

आधी पैशांचं

राजीनामा उद्याच का द्यायचा नाही, याचं कारण भावनेत नव्हतं, तारखेत होतं. तो 1 ऑगस्ट 2018 ला लागला होता. म्हणजे 31 जुलै 2023 ला पाच वर्षं पूर्ण. ग्रॅच्युइटीच्या तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षं सलग सेवा झाली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. त्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 22,000 रुपये. त्याला 15 ने गुणायचं, 26 ने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं. पाच वर्षांचे होतात 63,461 रुपये.

एप्रिलमध्ये राजीनामा दिला असता तर साठ दिवसांची नोटीस 16 जूनला संपली असती. पाच वर्षांना दीड महिना कमी. इथे कोणी म्हणेल, पाचव्या वर्षात 240 दिवस भरले की पुरतं. मद्रास उच्च न्यायालयाने तसं धरलेलं आहे, हे खरं. पण कंपनी ते आपणहून मान्य करेलच असं नाही, आणि नाही केलं तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून तारखा घेत बसावं लागतं. त्रेसष्ट हजारांसाठी तो रस्ता धरता येतो, पण दीड महिना थांबून तो टळत असेल तर थांबावं. (आता नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत. कायम नोकरीला पाच वर्षांची अट त्यातही आहे. ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना मात्र एका वर्षानंतरच हक्क मिळतो.)

आणखी एक समज त्याच्या डोक्यात पक्का बसला होता, की कामावरून काढलं तर ग्रॅच्युइटी बुडते. तसं नाही. ती रोखता येते ती ठरावीक प्रकारचं गंभीर गैरवर्तन, हिंसा, कंपनीचं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने नुकसान अशा कारणांनी काढलं असेल तर. नुसतं 'काम अपेक्षेप्रमाणे नाही' हे त्यात बसत नाही. जीमेलची गोष्ट मी एवढी ताणून का धरली ते इथे कळेल.

घरात हप्ता होता, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचा, महिना 14,500. बायको मंद्रूपकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. तिच्या पगारात घर तीन-चार महिने चाललं असतं. म्हणजे उपासमारीची वेळ नव्हती. हे कळल्यावर त्याचा आवाज खाली आला. माणूस शांत होतो तो आकडे समोर मांडल्यावर, 'शांत हो' म्हणून सांगितल्यावर होत नाही, हे मी नोकरीत फार उशिरा शिकलो.

अकरा उशीर

तीन दिवसांत द्यायच्या उत्तराचा पहिला मसुदा त्याने स्वतः लिहिला. चार पानं. डाय हाऊसवाल्यांची तक्रार, प्लॅनिंगवाल्यांची तक्रार, मॅनेजर खरेदीदारासमोर कसा बोलला, गेल्या दिवाळीत सुट्टी कशी मिळाली नाही. सगळं खरं असेल, पण वाचणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट कळली असती: हा चिडला आहे. ती पानं बाजूला ठेवली आणि ऑफिसमध्ये बसून त्याला मागच्या सहा महिन्यांच्या ऑर्डरींची यादी काढायला सांगितली. ऑक्टोबर ते मार्च, एकूण 38. त्यातल्या 11 उशिरा गेल्या होत्या.

मग प्रत्येक उशिराचं पहिलं कारण लिहायचं, एका ओळीत. पहिलं कारण म्हणजे जिथे दिवस हरवायला सुरुवात झाली ते. शेवटी सगळंच उशिरा होतं, त्यामुळे शेवटचं कारण नेहमी पॅकिंग किंवा ट्रक असतो, आणि त्याचा उपयोग नसतो. यादी अशी निघाली. तीन ठिकाणी खरेदीदारानेच शेडची मंजुरी उशिरा दिली. तीन ठिकाणी डाय हाऊसमध्ये शेड बसली नाही आणि लॉट परत रंगवावा लागला. एका ठिकाणी कार्टनवाल्याने दगा दिला.

उरले चार. ते सांगताना तो जरा अडखळला. एका ऑर्डरीत लेबल मागवायला त्यालाच उशीर झाला होता. दोन ठिकाणी खरेदीदाराने पॅकिंग बदलल्याचा मेल चार दिवस न वाचलेला पडला होता. आणि चौथी फेब्रुवारीतली. माल वेळेत तयार होणार नाही हे त्याला तीन आठवडे आधी लूमवरून कळलं होतं, पण 'होऊन जाईल' म्हणून त्याने खरेदीदाराला शेवटच्या आठवड्यापर्यंत सांगितलं नाही. तो माल अखेर विमानाने पाठवावा लागला, आणि त्याचा खर्च कंपनीच्या अंगावर आला.

माझ्या मते पीआयपी आला तो या एका ऑर्डरीमुळे. वर कोणीतरी विचारलं असणार, जबाबदार कोण, आणि मॅनेजरला एक नाव हवं होतं. पण ते नाव अगदीच चुकीचं नव्हतं. हे श्रीनिवासला मान्य करायला एक अख्खा चहा लागला.

आता 95 टक्क्यांचं गणित बघा. त्याच्या हातातले चारही उशीर टाळले असते, तरी 38 पैकी 31 वेळेत गेल्या असत्या, म्हणजे साधारण 82 टक्के. म्हणजे निव्वळ त्याच्या सुधारण्याने 95 गाठणं शक्यच नव्हतं. दुसरं त्याहून बारीक आहे. नव्वद दिवसांत त्याच्याकडे साधारण 18 ऑर्डरी जाणार होत्या. त्यातली एक जरी उशिरा गेली तर 17 भागिले 18, म्हणजे 94.4 टक्के. नापास. दिसायला 95 टक्के, पण प्रत्यक्षात अट होती की एकही चूक नाही, कोणाचीही नाही, खरेदीदाराचीसुद्धा. कागद लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा कंपनीचं वार्षिक उद्दिष्ट उचलून तसंच एका माणसाच्या तीन महिन्यांवर ठेवलेलं असतं. पण परिणाम तोच.

उत्तर

20 एप्रिलला गेलेलं उत्तर दीड पानाचं होतं, मॅनेजरला आणि एचआरला एकत्र. मूळ इंग्रजीत होतं, मराठीत त्याचा गाभा असा:

'मागील सहा महिन्यांतील 11 उशिरांची कारणे सोबत जोडली आहेत. त्यांपैकी 4 माझ्या कामातील आहेत आणि ती मला मान्य आहेत. ती पुन्हा होऊ नयेत म्हणून मी पुढील दोन गोष्टी आजपासून करत आहे. उरलेल्या 7 मध्ये माझा थेट ताबा नाही. त्यामुळे पहिल्या उद्दिष्टात माझ्या कामामुळे झालेला उशीर वेगळा मोजावा, अशी विनंती आहे.'

त्या दोन गोष्टी म्हणजे, दर शनिवारी प्रत्येक ऑर्डरीचं वेळापत्रक अद्ययावत करून मॅनेजरला पाठवणं, आणि उशीर होणार हे कळल्यापासून 24 तासांत खरेदीदाराला व मॅनेजरला लेखी सांगणं. 'ओनरशिप' या शब्दाला त्याने स्वतःच माप सुचवलं: खरेदीदाराच्या प्रत्येक मेलला एका कामाच्या दिवसात उत्तर. सॅम्पलचे सात दिवस दहा करावेत असं मागितलं. आणि आढावा दर दुसऱ्या शनिवारी, तारखांसह.

चूक मान्य करावी की नाही, यावर वकील मंडळी वेगळं सांगतील. लेखी काही कबूल करू नका म्हणतील. ज्या प्रकरणाचा शेवट कोर्टातच व्हायचा आहे तिथे ते बरोबर आहे. पण चार चुका मान्य केल्यामुळेच उरलेल्या सातांवर त्याचा शब्द खरा वाटला. अकराच्या अकरा दुसऱ्यांवर ढकलल्या असत्या तर ती यादी कोणी वाचली नसती.

खरं सांगायचं तर या उत्तराचा मुख्य हेतू उद्दिष्टं बदलून घेणं हा नव्हताच. कंपनी काय करते ते बघायचं होतं. ज्यांना माणूस ठेवायचा असतो ते अशा पत्रावर वाद घालतात, काही मानतात, काही नाकारतात. ज्यांनी आधीच ठरवलेलं असतं ते वाद घालत नाहीत. 'प्लॅन अंतिम आहे' एवढी एक ओळ येते, किंवा तीही येत नाही. पहिल्याच बैठकीत एचआर हळूच म्हणते, "तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर चांगलं देऊ." मुदत तीस दिवसांची असते, आणि पहिल्या आठवड्यातच हातातलं काम काढून घेतलं जातं. तसं असेल तर उद्दिष्टांमागे धावण्यात अर्थ नाही. मग बोलणं करायचं ते जाण्याच्या अटींवर: शेवटची तारीख कोणती, नोटीस पगार किती, पत्रात शब्द काय. आणि ते लेखी आल्याशिवाय राजीनाम्याला हात लावायचा नाही.

श्रीनिवासच्या मॅनेजरने वाद घातला. तासभर. सॅम्पलचे सात दिवस त्याने सोडले नाहीत, पण सूत हातात आल्यापासून मोजायचे हे मान्य केलं. उशिराची कारणं वेगळी मोजायलाही तो तयार झाला, पण त्याच्या हातून जास्तीत जास्त एकच उशीर चालेल, या अटीवर. आढाव्याच्या तारखा ठरल्या. 26 एप्रिलला एचआरने बदललेला प्लॅन मेलवर पाठवला. त्या मेलचं महत्त्व तेव्हा आम्हा दोघांनाही नीट कळलं नव्हतं.

नव्वद दिवस

पहिला महिना सरळ गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. एप्रिल-मेचं सोलापूरचं ऊन, आणि लूमवर सगळ्यांना माहीत असलेली बातमी. "काय की, तुझा रिझल्ट कधी हाय?" असं कॅन्टीनमध्ये कोणीतरी विचारायचं. तो हसून पुढे जायचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने एक अक्षर लिहिलं नाही.

मेच्या शेवटी दोन गोष्टी झाल्या. तिसरा आढावा मॅनेजरने दोनदा पुढे ढकलला. असं झालं की लोक मनातल्या मनात खूश होतात, बरं झालं टळलं म्हणून. पण आढावाच नसेल तर शेवटी 'सुधारणा दिसली नाही' म्हणायला रान मोकळं राहतं. त्याने त्या शनिवारी स्वतःच सहा ओळींचा मेल पाठवला: इतक्या ऑर्डरी गेल्या, इतकी सॅम्पलं गेली, अमुक ठिकाणी अडचण आहे, आढाव्यासाठी कोणती वेळ सोयीची पडेल. उत्तर आलं नाही. पण मेल तारखेसह राहिला.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. त्याच्याकडचे दोन मोठे खरेदीदार, एक अमेरिकेचा आणि एक जर्मनीचा, एका ज्युनिअर मुलाकडे देण्यात आले. 'तात्पुरतं, तुला प्लॅनवर लक्ष देता यावं म्हणून.' ऐकायला मदतच वाटते. त्याने वहीत तारीख लिहून ठेवली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डाय हाऊसमध्ये गडद निळ्या रंगाचा एक लॉट बिघडला. आधीचा श्रीनिवास गप्प बसला असता. या वेळी त्याने त्याच दिवशी, शिपमेंटच्या बारा दिवस आधी, खरेदीदाराला आणि मॅनेजरला कळवलं आणि खरेदीदाराला अर्धा माल आधी, अर्धा नंतर असा पर्याय दिला. खरेदीदाराने तो मानला. मॅनेजर मात्र भडकला. त्याचं म्हणणं, आधी मला विचारायला हवं होतं, आणि ही ऑर्डर उशिरातच धरणार. पुढच्या आढाव्यात त्याने ती धरलीही. तेव्हा एचआरच्या त्याच मुलीने 26 एप्रिलचा मेल उघडून दाखवला: डाईंगमुळे झालेला उशीर वेगळा मोजायचा आहे, आणि 24 तासांत दोघांना कळवायचं आहे, दोघांना कळवलेलं आहे. वाद तिथेच संपला. तो मेल नसता तर नव्वद दिवस त्या एका लॉटमध्ये बुडाले असते.

15 जुलैपर्यंत 19 ऑर्डरी गेल्या. दोन उशिरा, दोन्ही त्याच्या खात्यावर नाहीत. जुन्या मापाने हे साडेएकोणनव्वद टक्के, म्हणजे नापास. नव्या मापाने पास. प्लॅन संपल्याचं पत्र दोनदा मागितल्यावर 24 जुलैला मिळालं. त्यात 'उद्दिष्टे पूर्ण' असं होतं, आणि खाली 'पुढील सहा महिने कामगिरीवर लक्ष ठेवले जाईल' असंही. त्या वर्षीची पगारवाढ नाही, हे तोंडी सांगितलं.

थांबायचं की जायचं

सुटलो म्हणून त्याने घरी पुरणपोळी केली, मलाही बोलावलं. पास होणं आणि थांबणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मी त्या दिवशी मुद्दाम बोललो नाही.

मध्ये जूनमध्ये त्याला पुण्याहून एक ऑफर आली होती. इथे हातात 41,000 येत होते, तिथे 55,000. हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं, शनिवारी परत यायचं, असा विचार. आम्ही कागदावर मांडलं. खोली आणि मेस मिळून 13,000, दर आठवड्याचं येणं-जाणं आणि वरखर्च 4,000. उरतात 38,000, म्हणजे आजच्यापेक्षा तीन हजार कमी, आणि मुलगी आठवड्यातून एकदा दिसणार. बायकोची जिल्हा परिषदेची नोकरी सोडण्याचा प्रश्नच नव्हता. पुणे तिथेच सुटलं. ज्याच्या घरी अशी अडचण नाही त्याचं उत्तर वेगळं येईल.

सोलापुरातच राहायचं तर प्रश्न एवढाच, याच कारखान्यात की दुसऱ्या. त्यासाठी मी त्याला एकच गोष्ट बघायला सांगितली: काढलेलं काम परत येतं का. पीआयपी पास झालेल्या माणसाला कंपनी पत्र देते, हात मिळवते, पण तिचा विश्वास बसला की नाही हे कामाच्या वाटपात दिसतं. मोठे खरेदीदार परत आले तर मागचं खरोखर मिटलं. नाही आले तर पुढच्या वर्षी मूल्यमापनात 'महत्त्वाच्या ग्राहकांचा अनुभव कमी' असं लिहायला कारण तयार होतं, आणि ते खोटंही नसतं.

1 ऑगस्टला, पाच वर्षं पूर्ण झाल्यावर, त्याने मॅनेजरला सरळ विचारलं की ते दोन खरेदीदार माझ्याकडे कधी येतील. "बघू, दिवाळीनंतर." सप्टेंबरमध्ये पुन्हा विचारलं. "त्या पोराचं चांगलं चाललंय, आता कशाला डिस्टर्ब करायचं?" मॅनेजरच्या जागी मी असतो तर कदाचित मीही हेच म्हणालो असतो. पण श्रीनिवासला उत्तर मिळालं होतं. ऑक्टोबरमध्ये त्याने अक्कलकोट रोडवरच्या दोन-तीन ठिकाणी बोलणी सुरू केली. एका लहान कारखान्यात जमलं. पगार जवळपास तेवढाच, पण तिथले चारही खरेदीदार पूर्णपणे त्याच्याकडे. मुलाखतीत पीआयपीचा विषय त्याने स्वतः काढला नाही. फेब्रुवारीतल्या विमानाच्या मालाबद्दल मात्र त्यांना बाजारातून कळलं होतं, आणि त्यांनी विचारलं. त्याने काय चुकलं आणि त्यानंतर दर शनिवारी काय करायला लागला ते सांगितलं. त्यांनी ते शनिवारचं वेळापत्रक कसं असतं ते विचारलं, त्याने कोरा नमुना हाताने आखून दाखवला.

माझं मत होतं की मार्चपर्यंत थांबावं, आर्थिक वर्षअखेरीला खरेदीदारांचं वाटप नव्याने होतं, कदाचित एक तरी परत येईल. तो म्हणाला, "सर, तुम्ही एचआरवाले. तुम्हाला 'कदाचित'वर जगता येतं." यावर मला उत्तर सुचलं नाही.

6 नोव्हेंबरला राजीनामा, साठ दिवस नोटीस, 5 जानेवारी 2024 शेवटचा दिवस. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आदल्या आठवड्यात तो नव्या ठिकाणी लागला. ग्रॅच्युइटी तीस दिवसांच्या आत खात्यात आली, 63,461 रुपये, काही वाद नाही.

आणि इथे माझी एक चूक आहे. ग्रॅच्युइटीत शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले की पूर्ण वर्ष धरतात. त्याची सेवा भरली पाच वर्षं पाच महिने. शेवटचा दिवस आणखी चार आठवडे पुढे, 31 जानेवारीच्या पलीकडे नेला असता तर सहा वर्षं धरली गेली असती आणि 12,692 रुपये जास्त मिळाले असते. एप्रिलमध्ये मी दीड महिन्यासाठी एवढा काथ्याकूट केला, आणि नोव्हेंबरमध्ये हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्याच्या आलं होतं. हिशेबाचा कागद मिळाला त्या दिवशी त्याने मला फोन केला आणि म्हणाला, "सर, ते बारा हजार तुमच्याकडून येणे आहेत. वहीत लिहून ठेवलंय."